आजारपणात स्टॅटच्या असाइनमेंटची मुदत वाढवून कशी मागायची

सप्टेंबर आला की आमच्या सांगलीच्या कॉलेजात अंतर्गत मूल्यमापनाच्या असाइनमेंट आणि तापाची साथ एकाच आठवड्यात येतात. मी इथं संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोन्हींची खबर मला मोबाइलवर मिळते. बहुतेक मेसेज रात्री अकराच्या पुढे येतात आणि साधारण असे असतात: "सर उद्या जमणार नाही, तब्येत बरी नाही. सॉरी सर." नंबर सेव्ह नसतो, फोटोच्या जागी बुलेट नाहीतर खंडोबा असतो. कोण, कोणत्या वर्षाचा, कोणती असाइनमेंट, किती दिवस, यातलं काहीच कळत नाही. मग मी विचारतो, "कोण बोलतंय?" आणि उत्तर येईपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो.

बारावीपर्यंत गावातल्या शाळेत ही अडचण नसते. गुरुजींना घर माहीत असतं, आई बाजारात भेटली की सांगते, "पोराला ताप आलाय ओ." कॉलेजात एका वर्गात ऐंशी जण, त्यातले निम्मे तासगाव, पलूस, कवठेमहांकाळहून एसटीनं येणारे. इथं तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. म्हणून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांसाठी हे सगळं नीट लिहितो आहे. यातलं उदाहरण माझ्याच एका विद्यार्थिनीचं आहे. तिनं मुदत अशी मागितली की मला फक्त "हो" म्हणायचं उरलं होतं.

आधी तीन तारखा बघा

ताप आला की पहिल्यांदा असाइनमेंटचा कागद काढा. त्यावर जमा करायची तारीख असते, ती सगळ्यांना पाठ असते. पण तुमची मुदत वाढेल की नाही हे आणखी दोन तारखांवर ठरतं, आणि त्या बऱ्याचदा कागदावर छापलेल्या नसतात.

पहिली म्हणजे वर्गात उत्तरं सोडवून दाखवायची तारीख. संख्याशास्त्रात ही फार महत्त्वाची. मराठीच्या निबंधाची मुदत आठ दिवस वाढवली तर फारसं बिघडत नाही, कारण प्रत्येकाचा निबंध वेगळा असतो. स्टॅटच्या असाइनमेंटमध्ये सगळ्या वर्गाला एकच टेबल दिलेलं असेल तर उत्तर एकच येतं. ते मी फळ्यावर लिहिलं की त्यानंतर आलेल्या वहीला गुण कशाचे द्यायचे? शिक्षक अडून बसतात ते बहुतेक वेळा इथंच, आणि मुलांना वाटतं सर खडूस आहेत.

दुसरी तारीख म्हणजे अंतर्गत गुण परीक्षा विभागाकडे द्यायची शेवटची तारीख. ती माझ्या हातात नसते. ती उलटली की मला कितीही वाटलं तरी काही करता येत नाही, मग अर्ज विभागप्रमुखांकडे आणि तिथून पुढे जातो. वर्गप्रतिनिधीला विचारलं तर दोन्ही तारखा पाच मिनिटांत कळतात. उशीर झाला तर गुण कापणार का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. माझ्या असाइनमेंटवर दहापैकी रोज एक गुण कापायचा असं लिहिलेलं असतं. आजारपणासाठी मी कापत नाही, पण तसं मागावं लागतं.

आता त्या मुलीच्या तारखा सांगतो. असाइनमेंट शुक्रवारी, 27 सप्टेंबरला द्यायची होती. उत्तरं मी पुढच्या शुक्रवारी, 4 ऑक्टोबरला घेणार होतो. गुण परीक्षा विभागाकडे 15 ऑक्टोबरपर्यंत द्यायचे होते. तिला 22 तारखेच्या रात्री ताप भरला.

पहिला मेसेज: आजाराची खात्री झाली की लगेच

दोन दिवस तिनं गोळ्या खाऊन काढले. बुधवारी रक्त तपासलं आणि डेंग्यू निघाला. त्याच संध्याकाळी, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी, मला हा मेसेज आला:

"नमस्कार सर. मी एस. वाय. बी. एस्सी., रोल नंबर 42. काय-स्क्वेअरची असाइनमेंट शुक्रवारी 27 तारखेला द्यायची आहे. मला रविवार रात्रीपासून ताप आहे. आज रक्त तपासलं, डेंग्यू निघालाय. पेशी 92 हजार आहेत, उद्या मिरजेला ॲडमिट व्हायला सांगितलंय. असाइनमेंटमधलं टेबल आणि अपेक्षित वारंवारता काढून झाल्या आहेत, त्या दोन पानांचे फोटो पाठवते. पुढचं गणित आणि निष्कर्ष राहिलाय. शुक्रवारी देता येणार नाही. किती दिवस लागतील ते डिस्चार्ज मिळाल्यावर डॉक्टरांना विचारून कळवते. रिपोर्ट आणि केस पेपर आहेत."

यात एकही शब्द रडका नाही. नाव मी गाळलं आहे, मूळ मेसेजमध्ये पहिल्याच ओळीत होतं. तिनं त्याच दिवशी घाईनं तारीख मागितली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं की किती दिवस लागतील. "सर दोन दिवस द्या" म्हणून मुलं मोकळी होतात, मग दोन दिवसांनी परत मागतात, मग परत. तिसऱ्या वेळी खरा आजारही खोटा वाटायला लागतो.

अंगात मेसेज लिहायचंही त्राण नसेल तर भावाला किंवा मैत्रिणीला लिहायला सांगा. वडिलांनी फोन केला तरी चालतं, फक्त त्यांच्या हातात रोल नंबर आणि असाइनमेंटचं नाव लिहिलेला कागद द्या. मला एकदा एका वडिलांनी वीस मिनिटं पपईच्या पानांचा रस किती गुणकारी आहे ते सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मुलगा कोणत्या वर्षाला आहे ते विचारायचंच राहिलं.

मेसेज कुणाला करायचा? ज्यांनी असाइनमेंट दिली त्या सरांना किंवा मॅडमना, आणि सुरुवातीला फक्त त्यांनाच. थेट विभागप्रमुखांकडे गेलात तर ते मलाच बोलावून विचारणार, आणि मला काहीच माहीत नसणार. विषय शिक्षक तासिका तत्त्वावर असतील तर त्यांना स्वतःच्या अधिकारात जास्त दिवस देता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ते "हो" म्हणाले तरी लेखी अर्जावर विभागप्रमुखांची सही घ्या.

झालेलं काम कुठवर आलंय ते दाखवा

फोटो पाठवण्याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण स्टॅटमध्ये अर्धं काम फार स्पष्ट दिसतं.

असाइनमेंट अशी होती. कॉलेजातल्या 120 मुलांची माहिती दिली होती: कॉलेजला कशानं येतात आणि पहिल्या तासाला उशीर होतो का. प्रवासाचं साधन आणि उशीर यांचा संबंध आहे का, ते काय-स्क्वेअर चाचणीनं तपासायचं. एसटीनं येणारे 60, त्यातल्या 24 जणांना उशीर. स्वतःच्या गाडीनं येणारे 40, उशीर 8. चालत किंवा सायकलनं येणारे 20, उशीर 4. म्हणजे एकूण उशीर होणारे 36, शंभरातले तीस.

संबंध नसता तर प्रत्येक गटात तीस टक्केच उशिराचे असते: एसटीत 18, गाडीवाल्यांत 12, चालणाऱ्यांत 6. वेळेवर येणारे अनुक्रमे 42, 28 आणि 14. या अपेक्षित वारंवारता. त्या मुलीचं काम इथपर्यंत झालं होतं. पुढं प्रत्येक चौकटीत फरकाचा वर्ग काढायचा, त्याला अपेक्षित संख्येनं भागायचं, सहा चौकटींची बेरीज करायची. ती 5.714 येते. डिग्री ऑफ फ्रीडम 2 असताना पाच टक्के पातळीला तक्त्यातली किंमत 5.991 असते. आपली बेरीज त्याहून कमी, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. या आकड्यांवरून संबंध आहे असं म्हणता येत नाही.

आता सांगा, अंगात ताप असताना ही शेवटची ओळ कुणी बरोबर लिहील का? एसटीवाल्यांत चाळीस टक्के उशिराचे आणि बाकी दोन गटांत वीस टक्के, हे डोळ्यांना दिसत असतं. थकलेला माणूस सरळ "संबंध आहे" लिहून वही मिटतो. म्हणूनच कसंबसं उरकून मुदतीत द्या, असं मी सांगत नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना तो पराक्रम केला होता. तापात बसून सहसंबंध गुणांक काढला आणि उत्तर 1.3 लिहून आलो. तो एकच्या वर जाऊच शकत नाही. मॅडमनी त्याला लाल गोल करून बाजूला लिहिलं होतं, "तब्येत बरी आहे ना?"

तर झालेल्या पानांचा फोटो पाठवला की मला दोन गोष्टी कळतात. काम आजारपणाच्या आधी सुरू झालं होतं, आणि नेमकं किती राहिलंय. फोटो घेण्याआधी एक तपासणी करा: निरीक्षित संख्यांची आणि अपेक्षित संख्यांची बेरीज सारखी यायला हवी, इथं दोन्ही 120. जुळत नसेल तर तेवढंच लिहा की बेरीज जुळत नाहीये, बरं वाटल्यावर बघते. चुकलेलं पान पाठवायला लाजू नका. कोरं पान मात्र पाठवू नका. काहीच सुरू केलं नसेल तर तसं सरळ सांगा.

दिवस कसे मोजायचे

डेंग्यूत ताप उतरला म्हणजे संपलं असं नसतं. ताप उतरतो त्याच सुमाराला पेशी कमी होत जाण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर तेव्हाच जास्त लक्ष ठेवतात. त्यानंतरचा अशक्तपणा आठवडाभर सहज पुरतो. साध्या व्हायरल तापाचं गणित वेगळं, तिथं तीन-चार दिवस पुरतात. म्हणून ताप कधी उतरेल यावरून तारीख मागू नका. उरलेलं काम किती तासांचं आहे आणि तुम्ही दिवसाला किती वेळ बसू शकता, यावरून मागा.

तिला सोमवारी, 30 तारखेला डिस्चार्ज मिळाला. उरलेलं काम असं होतं: सहा चौकटींचं गणित आणि तपासणी एक तास, तक्ता बघून निष्कर्ष लिहायला एक तास, जर्नलमध्ये स्वच्छ उतरवायला दीड तास. एरवी एका संध्याकाळचं काम. पण पाऊण तास बसलं की डोकं गरगरतं, असं तिनं लिहिलं होतं. दिवसाला एकच बैठक धरली तर साडेतीन तासांना पाच दिवस लागतात. 2 ऑक्टोबरपासून मोजलं तर 6 तारीख, तो रविवार. म्हणून तिनं सोमवार, 7 ऑक्टोबर मागितला.

पण 4 तारखेला मी वर्गात उत्तरं घेणार होतो. ही अडचण तिच्या लक्षात आली होती, आणि अर्जात तिनं स्वतःच तोडगा लिहिला. तो अर्ज असा:

प्रति,
मा. विभागप्रमुख, संख्याशास्त्र विभाग
मार्फत: विषय शिक्षक

विषय: आजारपणामुळे असाइनमेंटची मुदत वाढवून मिळण्याबाबत

महोदय,
मी एस. वाय. बी. एस्सी. वर्गात शिकत असून माझा रोल नंबर 42 आहे. डेंग्यूमुळे मी 26 ते 30 सप्टेंबर या काळात रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी 6 ऑक्टोबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे. काय-स्क्वेअर चाचणीची असाइनमेंट 27 सप्टेंबरला जमा करायची होती. अपेक्षित वारंवारतांपर्यंतचं काम झालं असून त्या पानांचे फोटो मी 25 तारखेला सरांना पाठवले आहेत. उरलेलं काम 7 ऑक्टोबरला जमा करण्याची परवानगी मिळावी. 4 ऑक्टोबरला वर्गात उत्तरांची चर्चा होणार असल्याने मला वेगळा डेटा दिल्यास माझी तयारी आहे. उशिराचे गुण कापले जाऊ नयेत, ही विनंती.
सोबत: डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स, वैद्यकीय प्रमाणपत्र.

आपली विश्वासू,
(सही, नाव, तारीख)

"वेगळा डेटा दिल्यास माझी तयारी आहे" हे वाक्य वाचलं आणि माझा प्रश्न सुटला. मी तिला नवं टेबल दिलं: एसटीवाल्यांत उशीर 26, गाडीवाल्यांत 7, चालणाऱ्यांत 3. गट तेच, एकूण उशीरही 36च. आडव्या-उभ्या बेरजा बदलल्या नाहीत की अपेक्षित वारंवारताही बदलत नाहीत, त्यामुळे तिची झालेली दोन पानं वाया गेली नाहीत. फक्त पुढचं गणित नवं झालं. त्याची बेरीज 10.198 येते, 5.991 च्या वर, म्हणजे निष्कर्ष बरोबर उलटा. वर्गातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं असतं तर लगेच दिसलं असतं.

प्रत्येक शिक्षक असं करतीलच असं नाही. वेगळं टेबल बनवायला वेळ जातो, आणि एका वेळी दहा जण आजारी असतील तर मलाही जमत नाही. अशा वेळी उत्तरांच्या तासाच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत मागा, किंवा झालंय तेवढ्यावर गुण द्या असं विचारा.

कागदपत्रं

तीन दिवसांच्या साध्या तापाला मी प्रमाणपत्र मागत नाही, केस पेपरचा फोटो पुरतो. ॲडमिट असाल तर डिस्चार्ज कार्डावर दोन्ही तारखा असतात, तोच सगळ्यात पक्का कागद. वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर त्यावर तुमचं पूर्ण नाव, विश्रांतीचा काळ कधीपासून कधीपर्यंत, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नोंदणी क्रमांक राहून जातो आणि ऑफिसात कागद तिथंच अडतो.

बरं झाल्यावर आठ दिवसांनी जाऊन मागची तारीख टाकून आणलेलं प्रमाणपत्र ओळखू येतं. शाई ताजी असते, कागदाला एक घडी नसते, आणि मधल्या दिवसांची एकही औषधाची पावती नसते. तपासायला गेलात त्याच दिवशी मागून घ्या.

आजार सांगायला अवघड वाटत असेल तर नाव सांगू नका. "वैद्यकीय कारण, डॉक्टरांचा कागद आहे" एवढं पुरतं. मुलींना पाळीच्या त्रासाबद्दल सरांना लिहायला संकोच वाटतो. विभागातल्या मॅडमना सांगून त्यांच्यामार्फत निरोप दिला तरी कोणी आक्षेप घेत नाही. आणि वर्गाच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. तो ऐंशी जणांकडे जातो, सरांना फक्त एकट्यांना पाठवा.

मुदत मिळाल्यावर

"ठीक आहे, 7 तारखेला दे" असं मी लिहिलं की तिनं उत्तर दिलं: "धन्यवाद सर. सोमवारी 7 तारखेला नव्या डेटाची असाइनमेंट देते." तारीख परत लिहिली की माझ्या आणि तिच्या मोबाइलवर एकच गोष्ट राहते. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. फोन करून तोंडी परवानगी घेतली असेल तर नंतर एक ओळीचा मेसेज करा, "आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे..." म्हणून. ऐंशी वह्या तपासताना कुणाला कधीची मुदत दिली हे मला आठवत नाही, खोटं कशाला बोलू?

वही देताना पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहा: मूळ तारीख, वाढवून मिळालेली तारीख, वेगळा डेटा असेल तर तसं. अर्जाची सही झालेली झेरॉक्स मागं स्टेपल करा. नाहीतर तपासणारा दुसराच कुणी असेल तर उत्तर 10.198 बघून सरळ चूक देईल.

मधेच तब्येत परत बिघडली तर? वाढवून मिळालेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच कळवा आणि तोवर झालेली पानं पाठवून द्या. मी अशा वेळी त्या पानांवर गुण देतो. अपेक्षित वारंवारतांपर्यंत बरोबर असेल तर दहापैकी चार, काय-स्क्वेअरची किंमत बरोबर असेल तर सात, उरलेले तीन निष्कर्षाचे. दुसऱ्या शिक्षकांची विभागणी वेगळी असेल, ती विचारून घ्या.

ती सोमवारी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, हातावर सलाइनची खूण होती. मी म्हटलं, "अगं, एक दिवस आणखी मागितला असतास तरी दिला असता." तर म्हणाली, "नको सर, मग जर्नलचं पुढचं प्रॅक्टिकल तुंबलं असतं." वहीतला निष्कर्ष बरोबर होता. शेवटच्या बेरजेत तिसऱ्या दशांशाला थोडी गडबड होती, तिचे गुण मी कापले नाहीत.